३६ पायऱ्या, ६०५ फूट

मामाच्या फ्लॅटची पहिली जाहिरात मामानेच लिहिली होती. ती अशी: ‘कोथरूडमध्ये अत्यंत मोक्याच्या ठिकाणी, मेट्रो हाकेच्या अंतरावर, प्रशस्त, हवेशीर, पूर्वमुखी २ बीएचके, ८८० चौ. फूट, स्वतःचं पार्किंग, शांत परिसर. त्वरित विकणे आहे. एजंट क्षमस्व.’

फोन भरपूर आले. तीन रविवारांत १९ कुटुंबं घर पाहून गेली. मामीने तीनही रविवार सकाळपासून चहाचं आधण ठेवलेलं असायचं. त्यातली निम्मी माणसं घरात शिरलीच नाहीत, जिन्यापाशीच थबकली, कारण इमारतीला लिफ्ट नाही आणि फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. एक बाई सासूबाईंना हाताला धरून आल्या होत्या. खालूनच म्हणाल्या, “काका, हे फोनवर तरी सांगायचं होतंत.” उरलेल्यांपैकी बहुतेकांनी हॉलमध्ये उभं राहून इकडेतिकडे पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला: “हे ८८० आहे?”

मग मामाने मला बोलावलं. मी पूर्वी काही वर्षं एका वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर बसत होतो, हीच माझी पात्रता. तिथे शब्दांवर पैसे मोजावे लागत, त्यामुळे लोक ‘पाणी २४ तास’ लिहायचं की ‘प्रशस्त’ लिहायचं यावर खिडकीशी उभं राहून वाद घालत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ‘प्रशस्त’ जिंकत असे. संकेतस्थळावरच्या जाहिरातीला शब्दांचं भाडं नाही, तरी सवय तीच राहिली आहे. कोणीही नाकारू शकणार नाही आणि कोणालाही काही सांगणार नाही असे शब्द आपण आधी लिहितो.

मामाला मी म्हटलं, “मामा, तुम्ही एक टेप काढा आणि एक घड्याळ द्या.”

सुरुवात ८८० पासूनच केली. हा आकडा मामाने मनाने लिहिलेला नव्हता. इमारत १९९९ ची आणि तिच्या करारनाम्यात तोच आकडा आहे, बिल्ट-अप म्हणून. त्यात बाहेरच्या भिंती, बाल्कन्या आणि जिन्याचा वाटाही धरलेला असतो. त्या काळी घरं याच मापाने विकली जात आणि ज्याचा करार ८८० चा त्याला आपलं घर ८८० चंच वाटतं. पण आज घर बघायला येणारा माणूस चार नव्या प्रकल्पांचे नमुना फ्लॅट पाहून आलेला असतो. रेरा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात महारेराचं काम १ मे २०१७ पासून सुरू झालं, आणि तेव्हापासून नव्या घरांचे आकडे कार्पेटमध्ये येतात. रेराची व्याख्या सोपी आहे. घराच्या आतली वापरायची जागा धरायची, आतल्या खोल्या-खोल्यांमधल्या भिंती धरायच्या, पण बाहेरच्या भिंती, पाइपांचे डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरायची नाही. मालक आपला जुना फ्लॅट स्वतः विकत असेल तर त्याला रेरा नोंदणी लागत नाही. तरी व्याख्या तीच वापरावी, कारण समोरच्याच्या डोक्यात तीच आहे.

आम्ही मोजायला घेतलं. टेप जमिनीलगत लावायचा नाही. तिथे स्कर्टिंगची फरशी अर्धा-पाऊण इंच खाते. कमरेच्या उंचीवर, प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत मोजायचं, आणि एकाच खोलीत दोन जागी मोजून लहान आकडा घ्यायचा, कारण जुन्या बांधकामात समोरासमोरच्या भिंती क्वचितच समांतर असतात. हॉल १० बाय १७ भरला. स्वयंपाकघर ८ बाय १०, मोठी बेडरूम ११ बाय १२, दुसरी ९ बाय १०. मोठ्या बेडरूमचं बाथरूम ४ बाय ७, बाहेरचं बाथरूम ४ बाय ६ आणि त्याच्या शेजारी वेगळा संडास ३ बाय ४. मधला पॅसेज ३ बाय १३. ही बेरीज ५७५. आतल्या भिंतींची जागा साधारण ३० धरली. म्हणजे ६०५ चौरस फूट कार्पेट. बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी मिळून ६०, ते वेगळे.

मामाचा चेहरा पडला. “अरे, पावणेतीनशे फूट गेले की!” गेले कुठेच नव्हते, आधीही तेवढेच होते. मामाची खरी अडचण दराची होती. मागणी ९५ लाखांची. ८८० ने भागलं तर दर १०,८०० च्या आसपास येतो आणि ६०५ ने भागलं तर १५,७००. पहिला आकडा स्वस्त दिसतो, दुसरा महाग. पण गिऱ्हाईकही भागाकार करतंच, फक्त ते घर पाहून परतताना गाडीत करतं, आणि तेव्हा त्याच्या मनात महागाईपेक्षा फसवणूक झाल्याची भावना जास्त असते. आम्ही दोन्ही आकडे लिहायचं ठरवलं: कार्पेट ६०५, करारनाम्यात बिल्ट-अप ८८०. दोन्ही लिहिले की जुन्या इमारतींशी तुलना करणाऱ्यालाही सोय होते आणि नव्यांशी करणाऱ्यालाही.

एक पेच राहिला होता, तो हॉलचा. मामा हॉल २१ फूट म्हणत होता आणि टेपही तेच दाखवत होता. कारण २००६ च्या सुमारास त्याने हॉलची ४ बाय १० ची बाल्कनी मधली भिंत काढून, खिडक्या लावून आत घेतली होती. कोथरूडमधल्या जुन्या इमारती खालून पाहिल्या तर दर दोन बाल्कन्यांमागे एक अशी गिळलेली दिसते. राहायला ती जागा खरीच आहे, तिथे मामाचा झोपाळा आहे आणि सकाळचं पेपरवाचन तिथेच होतं. पण मंजूर नकाशात ती बाल्कनीच आहे आणि घेणाऱ्याने कर्ज काढलं की बँकेचा व्हॅल्युअर नकाशा हातात धरूनच येतो. जाहिरातीत २१ फुटी हॉल आणि नकाशात १७ फुटी, हे टोकन दिल्यानंतर कळलं तर व्यवहार तिथेच अडतो. म्हणून हॉल १० बाय १७ लिहिला आणि पुढे एक वाक्य जोडलं की बाल्कनी खिडक्या लावून आत घेतली आहे, मंजूर नकाशात ती बाल्कनी आहे. मामाला हे कबुलीजबाबासारखं वाटलं. मला ते वाक्य जाहिरातीतलं सर्वात उपयोगी वाक्य वाटतं, कारण ज्याला नकाशा वाचता येतो असं गिऱ्हाईक याच वाक्यावर विश्वास ठेवून फोन उचलतं.

आता ‘हाकेच्या अंतरावर’. मेट्रोची वनाज ते गरवारे कॉलेज ही पहिली धाव ६ मार्च २०२२ ला सुरू झाली आणि आता तीच गाडी रामवाडीपर्यंत जाते. पौड रोडवरचं आनंदनगर स्टेशन मामाच्या इमारतीला जवळचं. मामाच्या मते पाच मिनिटं. त्याची पाच मिनिटं स्कूटरवरची आणि दुपारी दोनची होती. आम्ही इमारतीच्या फाटकापासून स्टेशनच्या जिन्यापर्यंत चालत गेलो, सकाळी नऊ वाजता, म्हणजे ज्या वेळी माणूस खरंच ऑफिसला निघतो तेव्हा. अंतर साधारण ९०० मीटर, मला १२ मिनिटं लागली. मामी ६८ वर्षांची, गुडघा थोडा कुरकुरतो, तिला १५. त्यातलं एक मिनिट पौड रोड ओलांडायला थांबण्यात गेलं.

जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी नियमच आहे की स्टेशनचं अंतर लिहिताना ८० मीटरला एक मिनिट धरायचं, अंतर रस्त्याने मोजायचं आणि उरलेल्या तुकड्याचं पूर्ण मिनिट करायचं. सिग्नलला थांबलेला वेळ त्यात येत नाही. त्या हिशेबानेही ९०० मीटरची १२ मिनिटंच होतात. आपल्याकडे असा नियम नाही, त्यामुळे हाक किती लांब जाते हे ज्याच्या-त्याच्या घशावर अवलंबून आहे. पण स्वतःपुरता तो पाळायला कोणी अडवलेलं नाही. ‘चालत १२ मिनिटं’ हे ‘हाकेच्या अंतरावर’पेक्षा आकर्षकही आहे, कारण वाचणारा लगेच आपला दिवस त्यात बसवून पाहतो: आठ चाळीसला निघालो तर आठ बावन्नला स्टेशन.

परिसराचं वर्णन करताना मामाने पंधरा नावं सांगितली: तीन शाळा, दोन हॉस्पिटलं, मॉल, बागा, चार बँका. अशी यादी कोथरूडच्या कुठल्याही घराला लागू पडते, त्यामुळे ती या घराबद्दल काहीच सांगत नाही. मी मामीला विचारलं, “तुम्ही रोज कुठे जाता?” ती म्हणाली, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे, चार मिनिटं, आणि दूध खाली दुकानातच मिळतं. पीएमपीचा थांबा सात मिनिटांवर. एवढंच लिहिलं. घरातली बाई ज्या चार जागी पायी जाते त्या खऱ्या जवळच्या, बाकीच्या नकाशावर दिसतातच.

‘शांत परिसर’ मात्र मला लिहवेना. घर आतल्या गल्लीत आहे, पौड रोडचा आवाज येत नाही, हे खरं. पण मागच्या बाजूला एक मंगल कार्यालय आहे. दुसऱ्या बेडरूमची खिडकी त्याच्याकडे उघडते. चातुर्मासात तिथे चिमणीचाही आवाज नसतो, पण तुळशीचं लग्न लागलं की बाकीच्यांची सुरू होतात. सकाळी सनई, संध्याकाळी वरात. लाऊडस्पीकर नियमाप्रमाणे रात्री दहाला बंद होतो, बँडवाल्यांच्या आपसातल्या गप्पा त्यानंतरही चालतात. हे त्या खिडकीत बसून मामाच्या मुलीने बारावीचा अभ्यास करताना कळलेलं सत्य आहे.

इथे मामा अडून बसला. “हे कोण लिहितं जाहिरातीत? पाहायला आलं की दिसेल.” मी म्हटलं, दिसणार नाही, हीच तर गोष्ट आहे. जूनच्या रविवारी सकाळी आलेल्याला काहीच ऐकू येणार नाही. त्याला ते घरात राहायला आल्यावर डिसेंबरात ऐकू येईल. तेव्हा त्याला काही करता येणार नाही आणि तो मामाला आयुष्यभर नावं ठेवेल. शेजारपाजारचं गाव आहे शेवटी, लक्ष्मी रोडवर गाठ पडायची.

त्यावरून आम्ही एक कसोटी ठरवली. ज्या उणिवेमुळे माणूस दारातून परत फिरेल ती जाहिरातीत, कारण त्याचा रविवार वाचतो आणि आपलाही. जी उणीव पाहायला आल्यावर दिसणारच नाही तीही जाहिरातीत, कारण लपवली तर ती खोटं ठरते. आणि जे दिसतं, दुरुस्त होतं, रंग-रोगणाच्या खर्चात बसतं, ते भेटीत दाखवायचं. लिफ्ट पहिल्या प्रकारात, मंगल कार्यालय दुसऱ्यात. मोठ्या बेडरूमच्या एका भिंतीवर, बाथरूमला लागून, पावसाळ्यानंतर ओलीचा डाग उमटतो. तो आम्ही तिसऱ्यात टाकला.

‘स्वतःचं पार्किंग’ हे तर कापावंच लागलं. इमारतीखालची जागा बिल्डरला सुटी विकता येत नाही, ती सोसायटीच्या सामाईक मालकीची, हे मोफा कायद्याखाली बांधलेल्या इमारतींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केलं. जागेचं वाटप सोसायटी करते. मामाच्या फ्लॅटला सध्या एका चारचाकीची जागा दिलेली आहे, आणि नेमकं तेवढंच लिहायचं. ‘स्वतःचं’ वाचून आलेला माणूस सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारणारच, आणि सेक्रेटरी अशा वेळी फार आनंदाने खरं बोलतो.

‘पूर्वमुखी’ या शब्दाची तर गंमतच आहे. मामाच्या मनात बाल्कनी होती. वास्तू पाहणाऱ्याच्या मनात मुख्य दार असतं, आणि मामाचं मुख्य दार उत्तरेला आहे. एक शब्द, दोन माणसं, दोन वेगळी घरं. मोबाइलमधलं होकायंत्र दारात धरून पाहिलं आणि लिहिलं: मुख्य दार उत्तरेला, हॉल पूर्वेला उघडतो. ‘हवेशीर’ काढून त्याजागी काय घडतं ते लिहिलं. हॉलमध्ये सकाळी साडेदहापर्यंत ऊन असतं. मोठी बेडरूम पश्चिमेला आहे, त्यामुळे दोन्हीकडची दारं उघडी ठेवली की वारा आरपार जातो, आणि त्याच पश्चिमेमुळे एप्रिल-मेमध्ये ती खोली संध्याकाळी तापते. तापते हे लिहिल्यामुळे वाऱ्यावर विश्वास बसतो.

आता मांडणी. खोल्यांची मापं नुसती ओळीने दिली तर वाचणाऱ्याला घर दिसत नाही. ते दारातून आत आल्यासारखं लिहायचं, ज्या क्रमाने पाऊल पडतं त्या क्रमाने. या घरात आत आलं की थेट हॉल, हॉलच्या टोकाला डावीकडे स्वयंपाकघर, आणि समोर पॅसेज. दोन्ही बेडरूम पॅसेजमध्ये उघडतात, हॉलमध्ये नाही. म्हणजे बाहेर पाहुणे बसले असताना घरातल्या माणसाला आंघोळ करून आपल्या खोलीत जाता येतं. नव्या घरांत हा पॅसेज ‘वाया गेलेली जागा’ म्हणून काढून टाकतात आणि बेडरूमचं दार टीव्हीच्या शेजारी उघडतं. त्या ३९ फुटांत मामाचं घर जिंकतं, पण पहिल्या जाहिरातीत पॅसेजचा उल्लेखच नव्हता. तसंच बाहेरचं बाथरूम आणि संडास वेगवेगळे आहेत. सकाळी पाच माणसं एकाच वेळी आवरणाऱ्या घराला हे ‘प्रशस्त’पेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

दुसरी बेडरूम लहान आहे. ९ बाय १० म्हणजे काय हे लोकांना आकड्यावरून कळत नाही, सामानावरून कळतं. डबल बेड ६ बाय साडेसहाचा. दोन फूट खोल कपाट एका भिंतीला लावलं की उरतात ९ बाय ८. बेड ठेवला की एका बाजूला दोन फूट आणि पायथ्याशी अडीच फूट चालायला राहतात. म्हणजे बेड आणि कपाट बसतं, पण अभ्यासाचं टेबल ठेवायचं तर बेड सिंगल घ्यावा लागेल. हे असंच लिहिलं. ज्यांना एकच मूल आहे त्यांना हे पुरतं, ज्यांना दोन मोठ्या मुलांसाठी खोली हवी त्यांना पुरत नाही, आणि दोघांनाही ते घरबसल्या कळतं.

फोटोंबद्दल थोडक्यात सांगतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ०.५ अशी खूण असते, ती दाबली की ९ बाय १० ची खोली नाट्यगृहासारखी दिसते आणि कोपऱ्यातलं कपाट तिरकं पडतं. ती वापरायची नाही. दारात उभं राहून, छातीच्या उंचीवर, साध्या कॅमेऱ्याने काढायचे. हॉलचा फोटो सकाळी नऊला, ऊन आत असताना, कारण ते ऊन खरं आहे. मामीने भांडी आवरली, ओट्यावरचा मिक्सर हलवला, पण देव्हारा तसाच ठेवला. एक फोटो जिन्याचा घेतला आणि एक दुसऱ्या बेडरूमच्या खिडकीतून बाहेरचा, मंगल कार्यालयाच्या पत्र्यासकट. सगळ्यात शेवटी वहीच्या चौकटीच्या पानावर पट्टीने काढलेला घराचा नकाशा, मापं लिहून. तो मामाच्या नातवाने काढला. पुढे फोन करणाऱ्या बहुतेकांनी त्याच नकाशावर बोट ठेवून प्रश्न विचारले.

मामाची एक सूचना होती की शेवटी ‘फक्त शाकाहारी कुटुंबास’ असं लिहावं. मामी आतून म्हणाली, “घर त्यांचं होणार ना? मग त्यांनी काय शिजवायचं ते तुम्ही कोण ठरवणार?” तो विषय तिथेच मिटला.

मथळ्यावर सर्वात जास्त वेळ गेला, कारण संकेतस्थळावर माणूस बोटाने सरकवत जातो आणि एकच ओळ वाचतो. ‘लिफ्ट नाही’ हे मथळ्यातच लिहावं असं माझं म्हणणं होतं, मामाचा विरोध होता. शेवटी पायऱ्या मोजून आलो. खाली पार्किंग, वर तीन मजले, आपला दुसरा. फाटकापासून दारापर्यंत ३६ पायऱ्या. ‘लिफ्ट नाही’ ही नुसती उणीव आहे, ‘३६ पायऱ्या’ हा आकडा आहे, आणि आकड्यावर माणूस विचार करू शकतो. गुडघे ठीक असलेला म्हणतो, छत्तीसच ना. ज्याच्या आईला चढवत नाहीत तो पुढे सरकतो, आणि त्याने सरकावंच.

अखेर जी जाहिरात गेली ती ही:

‘कोथरूड: २ बीएचके, ६०५ चौ. फूट कार्पेट, आनंदनगर मेट्रो चालत १२ मिनिटं, दुसरा मजला, ३६ पायऱ्या, लिफ्ट नाही. मागणी ९५ लाख.

१९९९ ची इमारत, पार्किंग अधिक तीन मजले. कार्पेट ६०५ आम्ही स्वतः मोजलेलं आहे, बाल्कनी व ड्राय बाल्कनी ६० फूट वेगळी. करारनाम्यात बिल्ट-अप ८८०. मुख्य दार उत्तरेला. आत येताच हॉल, १० बाय १७, पूर्वेला उघडणारा, सकाळी साडेदहापर्यंत ऊन. त्याला जोडून ४ बाय १० ची बाल्कनी खिडक्या लावून आत घेतली आहे, मंजूर नकाशात ती बाल्कनी आहे. स्वयंपाकघर ८ बाय १०, बाहेर ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन बसतं. दोन्ही बेडरूम पॅसेजमध्ये उघडतात, हॉलमध्ये नाही. मोठी ११ बाय १२, बाथरूमसह, पश्चिमेची: वारा आरपार, पण उन्हाळ्यात संध्याकाळी तापते. दुसरी ९ बाय १०: डबल बेड व कपाट बसतं, अभ्यासाचं टेबल हवं तर सिंगल बेड. तिची खिडकी मंगल कार्यालयाच्या बाजूला आहे, लग्नसराईत आवाज येतो. घर आतल्या गल्लीत, पौड रोडचा आवाज येत नाही. बाहेरचं बाथरूम व संडास वेगळे.

भाजी चार मिनिटं, पीएमपीचा थांबा सात, दूध खालीच. पाणी महापालिकेचं. मेमध्ये काही दिवस टँकर लागतो, खर्च सोसायटी वाटून घेते. देखभाल महिना १,८०० रुपये. चारचाकीची एक जागा सोसायटीने या फ्लॅटला दिलेली आहे. भोगवटा प्रमाणपत्र आहे, शेअर सर्टिफिकेट मालकाच्या नावावर, घरावर कर्ज नाही. कागदपत्रांच्या प्रती भेटीत पाहता येतील.’

‘एजंट क्षमस्व’ गाळलं. एजंटांचे फोन तरीही येतातच. एजंटामार्फत जाहिरात द्यायची असेल तर त्याचा महारेरा नोंदणी क्रमांक आधी विचारून घ्यावा. आणि वाचक नव्या प्रकल्पातलं घर शोधत असेल तर त्या जाहिरातीत प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक असतोच, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही असावा लागतो. मालकाच्या साध्या जाहिरातीला यातलं काही लागत नाही, म्हणून तर तिच्यात वाट्टेल ते लिहिलं जातं.

फोन कमी झाले. मामा पहिल्या आठवड्यात माझ्यावर रागावलेला होता. पण जे आले त्यांनी ‘लिफ्ट आहे का’ विचारलं नाही, ‘कार्पेट किती’ विचारलं नाही. त्यांचे प्रश्न वेगळे होते: बाल्कनीची भिंत काढली तेव्हा बीमला हात लावला का, टँकरचे वर्षाला किती होतात, मंगल कार्यालयाला रविवारी किती लग्नं असतात. सात कुटुंबं आली. सगळी वरपर्यंत चढली. त्यातल्या दोघांनी दुसऱ्यांदा येऊन पाहिलं. एकजण आपला टेप घेऊन आला, त्याने दुसरी बेडरूम मोजली, ९ फूट भरली, १० ला पाऊण इंच कमी. तो हसला आणि टेप खिशात ठेवला.

त्यानेच घर घेतलं. बायको, एक मुलगी, आणि घरून काम. मंगल कार्यालयाबद्दल तो म्हणाला की मुलगी तिसरीत आहे, बारावीला वेळ आहे. पार्किंगवर वाद झाला नाही, मापांवर नाही, बाल्कनीवर नाही. ९५ वर तो बराच वेळ टिकून होता.

मग त्याने मोठ्या बेडरूमच्या भिंतीला हात लावला आणि तो ओलीचा डाग विचारला. मामाने सांगितलं, पावसाळ्यानंतर येतो, बाथरूमच्या पाइपाचं काम आहे. तो म्हणाला, “बाकी सगळं लिहिलंत, हेच नाही लिहिलं?” तिथून पुढे पाऊण तास फक्त त्या भिंतीवर बोलणं झालं आणि किंमत ९३ वर आली. प्लंबरने नंतर काम २२ हजारांत करून दिलं. आमची तिसरी कसोटी चुकली होती, ओल जाहिरातीत लिहायला हवी होती.